एकोणतीस हजार चारशे रुपये आणि तीन ओळी: बाथरूमच्या पाइपांचे अंदाजपत्रक वाचताना

आमची इमारत १९९२ मध्ये बांधलेली, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. २०२४ मध्ये गणपती उठल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या बाथरूमच्या छतावर ओल आल्याचे सांगितले. पाऊस चालू असल्यामुळे आम्ही दोघींनीही थोडे थांबायचे ठरवले. पण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाऊस ओसरला तरी तो डाग काही सुकला नाही. आमच्या नळालाही सकाळी पहिल्या धारेला तांबूस पाणी येत होते. तेव्हाच्या बहुतेक इमारतींप्रमाणे आमच्या भिंतींत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आहेत. तीस वर्षांत मुलामा झिजतो, आतून गंज धरतो, भोक अरुंद होत जाते आणि बहुधा आटे असलेल्या जोडापाशी पाइप पहिल्यांदा फुटतो, कारण आटे पाडताना तिथली भिंत आधीच पातळ झालेली असते.

तरीही प्लंबरला बोलावण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घेणे आवश्यक होते. खाली ओल दिसते याचा अर्थ पाण्याचा पाइपच गळतो असा नव्हे. फरशीच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेने झिरपणारे सांडपाणीही तसाच डाग उमटवते, आणि त्या दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे असतात. सांडपाण्याची ओल आंघोळीनंतर वाढते आणि वापर थांबला की कमी होते, तर भरलेल्या पाइपची गळती दिवसरात्र सारखीच चालू राहते. आम्ही शनिवार-रविवार बाहेरगावी जाणार होतो, तेव्हा बाथरूमचा व्हॉल्व्ह मुद्दाम चालू ठेवून गेलो. कोणीही पाणी वापरले नाही, तरी काकूंच्या छताला थेंब धरतच होते. पुढच्या आठवड्यात आम्ही तो व्हॉल्व्ह बंद ठेवून स्वयंपाकघरातून बादलीने पाणी आणून आंघोळी उरकल्या, आणि फरशी रोज ओली होत असूनही डागाची कडा सुकू लागली. त्यामुळे गळती पाण्याच्या पाइपची आहे आणि फरशीखालचे वॉटरप्रूफिंग अजून शाबूत आहे, असा निष्कर्ष काढता आला. या निष्कर्षाचा पुढे पैशांच्या हिशेबात फार उपयोग झाला.

पहिला प्लंबर आमच्याच भागातला, अनेक वर्षे कामे करणारा. त्याने बाथरूम पाहिले आणि २३ ऑक्टोबरला कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. त्या कागदावर तीन ओळी होत्या: ‘सीपीव्हीसी पाइप व फिटिंग, लमसम, १४,००० रुपये’, ‘मजुरी, १२ पॉइंट, ९५० प्रमाणे, ११,४०० रुपये’, ‘तोडफोड, ४,००० रुपये’. एकूण २९,४०० रुपये. सीपीव्हीसी म्हणजे गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप. खाली एका कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘टाइल, डेब्रिज पार्टीकडे’ असे लिहिले होते, म्हणजे टाइल आणि राडारोड्याचा खर्च आमच्याकडे. त्याच आठवड्यात एका ठेकेदार कंपनीकडूनही अंदाजपत्रक मागवले. ते छापील होते आणि त्याची बेरीज ५१,९२० रुपये होती. आकड्यांकडे पाहिले तर पहिलाच स्वस्त, यात शंका नव्हती. मात्र दोन्ही कागद एकाच कामाबद्दल बोलत आहेत की नाही, हे अजून ठरायचे होते.

छापील अंदाजपत्रकाची मूळ रक्कम ४४,००० रुपये होती आणि उरलेले ७,९२० रुपये म्हणजे १८ टक्के जीएसटी. आमचा प्लंबर जीएसटीखाली नोंदणीकृत नाही, त्यामुळे त्याला मजुरीवर कर लावता येत नाही आणि त्याने तो लावलाही नव्हता. शिवाय कंपनीच्या ४४,००० रुपयांत फोडलेल्या पट्ट्यांना नवीन टाइल लावणे आणि राडारोडा हलवणे धरलेले होते. म्हणून मी प्रथम पहिल्या कागदात न धरलेल्या गोष्टींची किंमत काढायला घेतली. ओळखीच्या गवंड्याने टाइलसकट पट्ट्यांचे साधारण साडेआठ हजार सांगितले, आणि पोत्यांत भरलेला राडारोडा तीन जिने उतरवून टेंपोने नेण्याचे दीड हजार. म्हणजे २९,४०० रुपयांचे काम प्रत्यक्षात सुमारे ३९,४०० रुपयांचे होते. दोन अंदाजपत्रकांत साडेबावीस हजारांचे जे अंतर दिसत होते, ते करापूर्वीच्या रकमेत सुमारे ४,६०० रुपयांवर आले. कंपनी त्यासाठी एकाच माणसाची जबाबदारी देत होती, हेही खरे. तरीही आम्ही पहिल्या प्लंबरकडेच राहिलो, कारण इमारतीतली जुनी लाइन त्याला माहीत होती. पण त्याच्या तीन ओळी उलगडून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम द्यायची नाही, असे ठरवले.

सर्वांत आधी मी ‘पॉइंट’ म्हणजे काय ते विचारले. पॉइंट म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर पडण्याची किंवा जोडणी घेण्याची एक जागा, आणि मजुरी बहुधा त्यावरच ठरते. मी त्याच्यासमोर मोजले: बेसिनला गरम आणि थंड असे २, वॉल मिक्सरला २, वरच्या शॉवरला १, गीझरचा आत जाणारा आणि बाहेर येणारा असे २, फ्लशच्या टाकीला १, जेटला १, वॉशिंग मशीनला १. असे १० झाले. त्याच्या कागदावर मात्र १२ होते. तो म्हणाला, “ताई, दोन कन्सिल्ड कॉक आहेत ना, तेही भिंतीत बसवावे लागतात. ते मी पॉइंटमध्येच धरतो.” हे म्हणणे अवाजवी नव्हते, कन्सिल्ड कॉक बसवायला खोली आणि पातळी दोन्ही अचूक लागतात. पण त्याला पूर्ण पॉइंटइतके श्रम लागत नाहीत, हे त्यानेही मान्य केले. शेवटी १० पॉइंटचे ९,५०० आणि दोन कॉकचे प्रत्येकी ५०० असे १०,५०० रुपये ठरले. वाचलेली रक्कम ९०० रुपयांचीच होती. मात्र काम सुरू असताना “हा एक पॉइंट वाढला” असे म्हणायला आता जागा उरली नव्हती.

नंतर १४,००० रुपयांचे सामान. लमसम रकमेला प्रश्न कसा विचारावा हे कळत नसेल, तर टेप घेऊन लांबी मोजावी. पाइप जिथून जाणार त्या भिंतीवर खडूने रेघ मारून मोजणे कोणालाही जमते. आमच्याकडे मुख्य जोडणीपासून बाथरूमपर्यंत १ इंची पाइप ३ मीटरच्या आत होता, आणि आतली पाऊण इंची लाइन थंड पाण्याची ९ मीटर व गरम पाण्याची ६ मीटर, म्हणजे १५ मीटर भरली. कापण्यातला तोटा धरून साडेसोळा मीटर, आणि पाइप ३ मीटरच्या लांबीत मिळतो म्हणून ६ नग. हार्डवेअरच्या दुकानात विचारले तेव्हा या सगळ्या पाइपची किंमत सवलत वजा जाता अडीच हजारांच्या आसपास निघाली. एवढ्या तोडफोडीचे कारण असलेला पाइप हाच त्या यादीतला स्वस्त भाग होता, याचे मला आश्चर्य वाटले. खरा खर्च पितळी आटे असलेल्या एल्बो आणि टी, कन्सिल्ड कॉक, अँगल कॉक आणि जोडणीच्या लवचिक नळ्या यांचा असतो. दुकानदाराने पूर्ण यादीचा अंदाज अकरा हजारांच्या आसपास दिला.

मग उरलेले तीन हजार कशाचे, असे मी प्लंबरला सरळ विचारले, आणि त्याने तितकेच सरळ उत्तर दिले: दुकानात जाणे-येणे, एखादी फिटिंग कमी पडली तर काम अर्धवट टाकून पुन्हा धावणे, आणि लमसम म्हटल्यावर सामान जास्त लागले तरी पैसे वाढवून मागता येत नाहीत, त्याची जोखीम. मला यात गैर काही वाटत नाही. ज्यांना दुकानाच्या फेऱ्या मारणे शक्य नाही, त्यांनी हे पैसे द्यावेत. मी त्या काळात घरून काम करत होते, दुकान जवळ होते, म्हणून सामान मी आणायचे, यादी त्याने लिहून द्यायची आणि न वापरलेल्या फिटिंग दुकानदाराने परत घ्यायच्या, असे ठरले. परतीची अट खरेदीपूर्वी विचारून बिलावर लिहून घ्यावी; आमच्या दुकानदाराने अखंड फिटिंग घेतल्या, पण कापलेला पाइप आणि पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंटचा उघडलेला डबा घेतला नाही.

कागदावर पाइपबद्दल ‘चांगल्या कंपनीचा’ इतकेच लिहिले होते. त्याऐवजी मी ‘आयएस १५७७८, एसडीआर ११’ असे लिहून घेतले. पहिला आकडा हा सीपीव्हीसी पाइपचा भारतीय मानक क्रमांक आहे. एसडीआर म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास आणि त्याच्या भिंतीची जाडी यांचे प्रमाण. म्हणून आकडा लहान तितकी भिंत जाड. पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर असतो. एसडीआर ११ मध्ये त्याची भिंत साधारण २ मिलिमीटरची, तर एसडीआर १३.५ मध्ये १.७ मिलिमीटरची असते. आमच्या घरी गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमही भरत नाही, कारण तेवढ्या दाबासाठी १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ लागतो. एसडीआर १३.५ चा पाइप ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्यालाही साडेपाच किलोपर्यंत दाब सोसतो, तेव्हा तो आम्हाला पुरलाच असता. तरी भिंतीत गाडल्यावर पुन्हा फोडायचे नाही आणि दोहोंत फरक काही शे रुपयांचा, म्हणून जाड घेतला. हे दोन्ही आकडे पाइपच्या अंगावर छापलेले असतात, ते सामान उतरवतानाच वाचून घ्यावेत. पांढरा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी नसतो आणि दोहोंचा सॉल्व्हंटही वेगळा असतो, हे त्याच वेळी पाहता येते.

तिसरी ओळ ‘तोडफोड’. ही सर्वांत छोटी ओळ होती आणि तिच्यावरच सर्वांत जास्त बोलणे झाले. जुनी लाइन अर्धी फरशीखालून गेलेली होती आणि प्लंबरच्या मनात तीच वाट धरायची होती. फरशी फोडली की तिच्याखालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग फुटते, आणि मग ते नव्याने करून, नहाणीत पाणी साठवून चाचणी घेईपर्यंत कामाची व्याप्ती दुप्पट होते. आमचे वॉटरप्रूफिंग शाबूत असल्याचे आधीच तपासलेले असल्यामुळे मी फरशीला हात लावू नये असे सांगितले. त्यावर त्यानेच चांगला मार्ग सुचवला: जुने पाइप दोन्ही टोकांना प्लग मारून भिंतीत तसेच मृत ठेवायचे, नवीन आडवी लाइन सात फुटांवर, टाइल जिथे संपते त्याच्या वरच्या गिलाव्यातून न्यायची, आणि तिथून खाली फक्त उभ्या झिऱ्या, म्हणजे पाइप बसवायच्या खाचा, मारायच्या. गरम आणि थंड पाइप एकाच झिरीत घेतल्यावर अशा पाचच झिऱ्या लागल्या. जुन्या नक्षीची टाइल आता मिळत नाही, त्यामुळे त्या पाच पट्ट्यांना वेगळ्या रंगाची टाइल लावावी लागणार होती. ते दिसायला कसे वाटेल हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. दर ४,००० रुपयेच राहिला, पण त्यात झिऱ्या सिमेंटने भरून देणेही आता लिहिले गेले. आधी ते लिहिलेले नव्हते, आणि गवंडी म्हणतो प्लंबरने भरावे, प्लंबर म्हणतो गवंड्याने, हा वाद इमारतीत मी ऐकलेला होता.

एक प्रश्न शेजारच्या काकांनी सुचवला नसता तर कोणाच्याच कागदावर आला नसता. नवीन पाइप सोसायटीच्या उभ्या डाउनटेकला, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या सामाईक पाइपला, जोडायचा, तेव्हा तिथला तीस वर्षांचा गंजलेला निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा जोडपाइप, फिरवावा लागतो. तो तुटला, किंवा त्याच्याबरोबर डाउनटेकचा टी फुटला, तर खर्च कोणाचा? उभी लाइन सोसायटीची असते आणि घरातली सभासदाची. पण सभासदाच्या कामामुळे उभी लाइन फुटली तर सोसायटी हात वर करते, हे गृहीत धरावे. आम्ही अंदाजपत्रकात अशी ओळ घातली: जोडणीवरचा टी व निपल बदलावा लागल्यास सामान माझे, मजुरी ठरलेल्या रकमेतच.

सोसायटीचे सोपस्कार दिवाळीपूर्वी सुरू केले होते. कामाचे स्वरूप, प्लंबरचे नाव आणि तारखा लिहून अर्ज, पाच हजार रुपये परत मिळणारी अनामत, जिन्यात राडारोडा ठेवणार नाही असे लेखी, आणि दुपारी दोन ते चार ठोकठाक नाही, अशा अटी होत्या. परवानगी भाऊबीजेनंतर मिळाली, आणि गावी गेलेला मदतनीस त्यानंतरच परतला, म्हणून काम १८ नोव्हेंबरला सुरू झाले.

पहिल्या दिवशी झिऱ्या मारल्या. धूळ इतकी उडते की बाथरूमच्या दाराला ओला पडदा लावणे हा सल्ला मी आनंदाने पुढे देते. १९ तारखेला संध्याकाळपर्यंत सगळे पाइप जोडून झाले. २० तारखेला विधानसभेचे मतदान असल्यामुळे काम बंद होते, आणि ती सुट्टी उपयोगी पडली, कारण सॉल्व्हंटने जोडलेले सांधे दाबाची चाचणी घेण्यापूर्वी दिवसभर सुकू द्यावे लागतात. एरवी घाई करणाऱ्या माणसाला इथे थांबवणे अवघड जाते.

२१ तारखेची चाचणी ही मी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून लिहून घेतली होती: झिऱ्या भरण्यापूर्वी, हातपंप आणि मापक लावून, १० किलो दाबावर एक तास, पाण्याने. नुसता नळ सोडून ‘कुठे गळत नाही ना’ असे पाहणे म्हणजे चाचणी नव्हे. घरातल्या दाबाच्या दहापट दाब दिला तरच अर्धवट चिकटलेला सांधा तोंड उघडतो. प्रत्येक पॉइंटला प्लग लावून, पाइपातली हवा काढून दाब दिला, तर वीस-पंचवीस मिनिटांत काटा खाली येऊ लागला. हात फिरवून पाहिल्यावर बेसिनच्या एल्बोवरचा प्लगच पाझरत असल्याचे दिसले. टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळून पुन्हा तास धरला, आणि काटा हलला नाही. त्यानंतर प्रत्येक भिंतीवर टेप धरून पाइपांचे फोटो काढले, म्हणजे पुढे आरसा किंवा हुक लावताना ड्रिल कुठे चालवू नये ते कळेल. वॉल मिक्सर प्रत्यक्ष लावून पाहिला, हेही महत्त्वाचे. त्याच्या दोन पायांतले अंतर साधारण ६ इंच असते आणि सिमेंट भरल्यावर ते चुकलेले आढळले तर पुन्हा फोडण्यावाचून इलाज नसतो.

२२ तारखेला सकाळी दहा ते दोन गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद ठेवण्याची सूचना आदल्या दिवशी फळ्यावर लावली होती. निपल तुटलाच, आणि त्याच्याबरोबर टीलाही चीर गेली. सामानाचे ६५० रुपये मी दिले, मजुरीचा विषय निघाला नाही. दोनच्या आत पाणी सुरू झाल्यामुळे वरच्या-खालच्या घरांतून तक्रारही आली नाही. टाइलचे काम २५ तारखेपर्यंत संपले.

पैसे चार टप्प्यांत दिले: मजुरी आणि तोडफोडीच्या १४,५०० रुपयांपैकी ४,५०० सुरुवातीला, ६,००० दाबाची चाचणी पार पडल्यावर, २,००० सगळे नळ लावून झाल्यावर, आणि उरलेले २,००० आठवडाभर वापर झाल्यावर. शेवटच्या टप्प्याला तो थोडा नाराज झाला होता, पण तारीख लिहून दिल्यावर तयार झाला. त्या आठवड्यात गीझरच्या नळीचा वॉशर बदलायला तो न सांगता येऊन गेला.

अखेरचा हिशेब असा झाला: परत केलेल्या फिटिंग वजा जाता सामान ११,३०० रुपये, मजुरी १०,५००, तोडफोड व झिऱ्या भरणे ४,०००, राडारोडा १,५००, टाइल आणि गवंडी ८,६००, टी व निपल ६५०, एकूण ३६,५५० रुपये. जुने नळ आणि मिक्सर पुन्हा वापरल्यामुळे त्यांचा खर्च यात नाही. नवीन घ्यायचे असतील तर ती रक्कम वेगळी धरावी लागेल आणि ती पाइपांपेक्षा सहज मोठी होऊ शकते. काकूंच्या छताला रंग मात्र आम्ही लगेच दिला नाही. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी सुकायला बरेच आठवडे लागतात आणि ओल्यावर लावलेला रंग पापुद्रे धरतो, म्हणून ते काम फेब्रुवारीत केले. त्याचे ३,२०० रुपये आम्हीच दिले. सोसायटीची अनामत डिसेंबरच्या सभेनंतर परत मिळाली, त्यासाठी राडारोडा नेणाऱ्या टेंपोची पावती मागितली गेली, तेव्हा ती जपून ठेवावी.